योगा स्टुडिओचं वेळापत्रक: नवीन माणसाला आपला क्लास कळावा म्हणून वर्णनं परत लिहिली त्याची केस

पार्श्वभूमी

मध्यम आकाराचा योगा स्टुडिओ, दोन हॉल, सहा-सात शिक्षक. आठवड्याला वीसेक क्लास चालतात, त्यात हठ, विन्यास, अष्टांग (दोन प्रकारचा, त्यावर पुढे येतोच), यिन, रिस्टोरेटिव्ह आणि रविवारी एक खुला क्लास. वेबसाईटवर बाकी पानं आहेत पण खरी ये-जा वेळापत्रकाच्या पानावरच, कारण लोक सर्च करून किंवा मॅपवरून थेट तिथेच येतात, वेळ बघतात आणि बुक करतात. "आमच्याबद्दल" वगैरे फारसं कोणी उघडत नाही.

पानाची रचना अशी की वार आणि वेळेचा तक्ता, प्रत्येक चौकोनात क्लासचं नाव, वेळ आणि शिक्षक, आणि टॅप केलं की खाली वर्णन उघडतं. हे सगळं बुकिंग सॉफ्टवेअरमधून येतं त्यामुळे डिझाईन फारसं बदलता येत नाही, आणि मोबाईलवर वर्णनाच्या जेमतेम दोन ओळी दिसतात, पुढचं "अजून वाचा"च्या मागे. ही दोन ओळींची मर्यादा लक्षात ठेवा, पुढचे बरेच निर्णय तिच्यामुळेच झाले.

माझं काम मजकुराचं. मालकीणबाईंनी बोलावलं तेव्हा मागणी साधी होती, "वर्णनं जुनी झालीत, जरा फ्रेश करून द्या."

अडचण काय होती

विन्यासचं जुनं वर्णन साधारण असं होतं: "श्वास आणि हालचालीचा सुंदर प्रवाह अनुभवा. शरीर आणि मनातली ऊर्जा जागवणारा, स्वतःशी जोडणारा क्लास. सर्व लेव्हल्ससाठी."

वाचायला छान आहे. पण ज्याने आयुष्यात मॅट उलगडलेली नाही त्याला यातून काय कळलं? हेच वाक्य यिनला लावा, हठला लावा, कुठेही चालतं. आणि शेवटचं "सर्व लेव्हल्ससाठी" वीसपैकी जवळजवळ प्रत्येक क्लासखाली होतं, कारण शिक्षकांना वाटायचं की कुणाला नाही कशाला म्हणा.

प्रत्यक्षात विन्यासमध्ये काय होतं तर आसन बदलताना दरवेळी चतुरंग दंडासन, म्हणजे दंड काढताना खाली जातो तशी स्थिती, मग ऊर्ध्वमुख श्वानासन, मग अधोमुख श्वानासन, आणि एका तासात हे वीस-पंचवीस वेळा सहज होतं. मनगटांवर सतत वजन, दर थोड्या वेळाने उभं राहायचं परत खाली जायचं, आणि शिक्षक एकेका श्वासाला एकेक सूचना देतो, थांबून समजावत नाही. ज्याला चतुरंगमध्ये कोपर कुठे ठेवायचं माहीत नाही तो खांद्यावर कोसळत राहतो, दहाव्या मिनिटाला दमतो आणि उरलेला वेळ शेजारच्याकडे बघत काढतो. असे नवीन लोक नेमके याच क्लासला यायचे, कारण तो संध्याकाळी सातचा, ऑफिसनंतर जमणारा. एकदा यायचे आणि परत दिसायचे नाहीत.

दुसरी गडबड यिनमध्ये. वर्णनात "संथ, शांत, खोल विश्रांती" लिहिलेलं, म्हणून गुडघे-कंबर दुखणारे लोक तो सेफ समजून निवडायचे. यिनमध्ये हालचाल कमी हे खरंय, पण एकाच स्थितीत तीन ते पाच मिनिटं राहायचं असतं आणि ताण सांध्यांच्या आसपास जाणवत राहतो, एकपाद राजकपोतासनासारखी स्थिती चार मिनिटं धरली की दुखऱ्या गुडघ्याला ते अजिबात संथ वाटत नाही. पूर्ण आधार देऊन शरीर सैल सोडायचं काम रिस्टोरेटिव्हमध्ये होतं. पानावर मात्र दोन्हींची वर्णनं जुळ्या भावंडांसारखी होती.

रिसेप्शनवरच्या ताईंकडे दिवसभर एकच फोन: "मी पहिल्यांदाच येतोय, कुठला क्लास घेऊ?" आणि त्या उत्तर फार चांगलं द्यायच्या. त्यांच्याजवळ बसून ऐकलं तर लक्षात आलं की त्या दरवेळी तेच चार प्रश्न विचारतात. जमिनीवर बसून आधाराशिवाय उठता येतं का, मनगट-गुडघा-कंबर यातलं काही दुखतं का, सूर्यनमस्कार कधी घातलेत का, आणि घाम काढायचाय की सैल व्हायचंय. या चार उत्तरांवर त्या अर्ध्या मिनिटात क्लास सांगून मोकळ्या. म्हणजे हवी ती माहिती स्टुडिओत होती, फक्त ती पानावर नव्हती आणि फोन न करणाऱ्याला मिळत नव्हती.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय मालकीणबाईंच्याच डोक्यात होता, लेव्हल १, २, ३ लावून टाका. सोपं, तक्त्याच्या चौकोनात मावतं, सॉफ्टवेअरमध्ये टॅगची सोय पण आहे. पण नवीन माणसाला स्वतःची लेव्हल माहीत नसते हीच तर मूळ अडचण. रोज दहा किलोमीटर पळणारा माणूस स्वतःला लेव्हल २ समजतो पण त्याची मांडीची मागची बाजू इतकी आखडलेली असते की पुढे वाकून हात गुडघ्याखाली जात नाही. शाळेत पाच वर्षं योगासनं केलेली बाई स्वतःला लेव्हल १ म्हणते आणि कंटाळते. शिवाय शिक्षकांना विचारलं तर त्याच क्लासला एकाने १ दिला, एकाने २.

दुसरा पर्याय क्विझ, पाच प्रश्न विचारायचे आणि शेवटी "तुमच्यासाठी हा क्लास". दिसायला आकर्षक, मला स्वतःला पण मोह झाला होता. पण तीन गोष्टी आडव्या आल्या. वेळापत्रक बदललं की क्विझची उत्तरं पण बदलावी लागणार आणि ते कोण करणार हे कुणी सांगेना. आरोग्याची उत्तरं गोळा केली की ती कुठे साठवायची, कोण बघणार हा वेगळाच विषय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्विझने "हा क्लास घ्या" म्हटलं की ते डॉक्टरने सांगितल्यासारखं वाटतं, त्यातून कुणाला त्रास झाला तर?

तिसरा पर्याय, "नवीन आहात?" असं वेगळं पान. वाईट नाही, पण लोक थेट वेळापत्रकावर उतरतात हे आधीच माहीत होतं, म्हणजे ज्याच्यासाठी पान लिहिणार तोच ते बघणार नाही.

शेवटी ठरलं की ताईंचे चार प्रश्न उलटे फिरवायचे. प्रत्येक क्लासच्या वर्णनातच त्यांची उत्तरं द्यायची, ठरलेल्या क्रमाने, म्हणजे वाचणारा स्वतःच तपासून बघेल. सोबत तक्त्यावर "पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी" असा एकच फिल्टर, जो सॉफ्टवेअरच्या टॅगमधून फुकटात होत होता.

काय केलं

लिहायच्या आधी क्लासला जाऊन बसणं गरजेचं होतं. शिक्षक स्वतःच्या क्लासबद्दल सांगतात ते खरंच असतं पण त्यांच्या नजरेतून, पंधरा वर्षं सराव असलेल्या माणसाला "थोडेसे सूर्यनमस्कार" म्हणजे दहा वाटतात. म्हणून कोपऱ्यात बसून फक्त नोंदी केल्या: लोक किती वेळा उठले-बसले, मनगटांवर किती वेळ वजन आलं, एक स्थिती साधारण किती वेळ धरली, शिक्षकाने करून दाखवलं की नुसतं बोलून सांगितलं, आणि कुणी अडलं तर तो थांबला का.

इथेच पहिली मोठी गोष्ट सापडली. "जेन्टल हठ" नावाचा क्लास सकाळी एक मॅडम घेतात आणि संध्याकाळी एक सर. नाव एक, वर्णन एक. सकाळी खुर्ची घेऊन, फोमच्या विटा, पट्टा सगळं देऊन, एकेक आसन समजावत चालतं, तासाभरात सात-आठ आसनं. संध्याकाळी सर सुरुवातच सूर्यनमस्काराच्या फेऱ्यांनी करतात आणि पुढे वेग तसाच राहतो, क्लास उत्तम आहे पण जेन्टल नाही. या दोघांसाठी एक खरं वर्णन लिहिताच येत नाही, कितीही शब्द घासले तरी.

मालकीणबाईंसमोर दोन वाटा ठेवल्या. एक तर सरांनी क्लास बदलावा, किंवा क्लासचं नाव बदलावं. सरांचे नेहमीचे लोक ठरलेले, ते त्या वेगासाठीच येतात, त्यामुळे क्लास बदलणं कुणालाच नको होतं. नाव बदलायला मालकीणबाई कचरत होत्या कारण जुन्या लोकांना क्लास बंद झाला असं वाटेल. शेवटी "हठ, सूर्यनमस्कारासह" असं नाव झालं आणि महिनाभर वर्णनाखाली एक ओळ ठेवली की आधीचा संध्याकाळचा जेन्टल हठ तो हाच.

पण यातून एक भोक उघडं पडलं. नावं खरी झाल्यावर फिल्टर लावला तर कामाच्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा येणाऱ्यासाठी एकही क्लास नाही! सगळे सकाळी अकराचे नाहीतर शनिवारी. जुन्या मजकुराने हे इतकी वर्षं झाकून ठेवलेलं. हा आता माझ्या हातातला विषय नव्हता, पण पान बघून मालकीणबाईंनीच सकाळच्या मॅडमना विचारलं आणि मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सातचा "पायाभूत हठ" हा नवा क्लास ठरला, विन्यास दुसऱ्या हॉलमध्ये गेला.

मग वर्णनांचा साचा. पहिलं वाक्य नेहमी "कोणासाठी", कारण मोबाईलवर तेवढंच दिसतं. दुसऱ्यात तासभर शरीर काय करेल: वेग, उठबस, किती वेळ धरायचं. तिसऱ्यात काय येत असायला हवं किंवा शिक्षक थांबून शिकवतील का. चौथ्यात हा जमणार नसेल तर कुठला घ्या, त्या क्लासच्या लिंकसकट. हे चौथं वाक्य शिक्षकांना पटत नव्हतं, एक जण म्हणाले, "माझ्या क्लासखाली दुसऱ्याच्या क्लासची जाहिरात कशाला?" त्यांना एवढंच विचारलं की सर, गेल्या महिन्यात एकदाच येऊन गेलेले किती जण तुम्हाला आठवतात, तेव्हा ते स्वतःच दोन-तीन जणांबद्दल बोलायला लागले आणि विषय मिटला.

विन्यासचं नवीन वर्णन असं झालं: "सूर्यनमस्कार न अडखळता घालता येत असतील तर हा क्लास तुमच्यासाठी. पूर्ण तास हालचाल चालू असते, हात आणि मनगटांवर बऱ्याचदा वजन येतं, घाम येतो. आसनं थांबून शिकवली जात नाहीत, सूचना ऐकत पुढे जायचं असतं. पहिल्यांदा येत असाल तर मंगळवार-गुरुवारचा पायाभूत हठ घ्या, त्यात हीच आसनं सावकाश शिकवतात."

अष्टांगवर सगळ्यात जास्त चर्चा झाली. म्हैसूरला पट्टाभी जोइस शिकवायचे ती ही पद्धत, आसनांचा क्रम ठरलेला. स्टुडिओत तिचे दोन क्लास आहेत. लेड क्लासमध्ये शिक्षक संस्कृतमध्ये आकडे मोजतात आणि सगळे एकत्र प्रायमरी सिरीज करतात, क्रम माहीत नसेल तर तिथे उभं राहणं मुश्किल. म्हैसूर स्टाईलमध्ये प्रत्येक जण आपापल्या वेगाने आपला क्रम करतो आणि शिक्षक एकेकाजवळ जाऊन बघतात. जुन्या पानावर दोन्हींखाली "अनुभवी साधकांसाठी" होतं. पण विचार केला तर म्हैसूर क्लास नवशिक्याला चालतो, उलट बरा, कारण शिक्षक पहिल्या दिवशी फक्त सूर्यनमस्कार आणि एखाद-दुसरं आसन शिकवून घरी पाठवतात, कुणाच्या मागे धावायचं नसतं. शिक्षकांनाही हे मान्य होतं, फक्त हॉल शांत, सगळे आपापल्यात गुंग, ते बघून नवीन माणूस बिचकतो असं त्यांचं म्हणणं. मग तेच लिहिलं: "अष्टांग कधीच केलं नसेल तरी चालेल, इथे एकेकट्याला शिकवतात. आत आल्यावर सगळे वेगवेगळं करताना दिसतील, गोंधळू नका, मॅट घालून थांबा, शिक्षक तुमच्याजवळ येतील. पहिल्या दिवशी तुमचा सराव इतरांच्या आधी संपेल." आणि परंपरेप्रमाणे अमावस्या-पौर्णिमेला सराव नसतो हे पण घातलं, कारण ते आधी कुठेच नव्हतं आणि नवीन लोक येऊन बंद दार बघून जायचे.

आरोग्याबद्दल काय लिहायचं यावर एक बैठक गेली. मालकीणबाईंना "कंबरदुखीवर उपयुक्त" ठेवायचं होतं, लोक तेच शोधत येतात म्हणून. आम्ही रेघ अशी मारली की क्लासमध्ये काय आहे ते सांगायचं, त्याने तुमचा आजार काय होईल ते सांगायचं नाही. म्हणजे "डोकं हृदयाच्या खाली जाईल अशी आसनं आहेत, काचबिंदू किंवा ब्लड प्रेशरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून या आणि सुरू व्हायच्या आधी शिक्षकांना सांगा." यात साधं अधोमुख श्वानासन पण येतं, कारण डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो, आणि हे नवीन माणसाच्या डोक्यात येत नाही, त्याला वाटतं शीर्षासन नाही म्हणजे आपण सुटलो.

छापायच्या आधी चार-पाच ओळखीच्या लोकांच्या हातात मोबाईल दिला, योगा न केलेलेच निवडले. प्रत्येकाला एक परिस्थिती दिली, जसं की "तुमचा गुडघा दुखतो, आधी कधी केलं नाहीये, संध्याकाळीच वेळ आहे", आणि क्लास निवडायला सांगून विचारलं की कुठल्या वाक्यामुळे निवडलात. हा दुसरा प्रश्न जास्त कामाचा ठरला. गुडघेवाल्यांनी नवीन मजकूर वाचून पण यिनच निवडला! "तीन ते पाच मिनिटं एका स्थितीत" हे त्यांना आरामाचं वाटलं, बसून राहायचं तर आहे. मग पहिलंच वाक्य बदललं: "हळू आहे पण सोपा नाही: ताण जाणवत असताना तीन ते पाच मिनिटं न हलता थांबता येत असेल तर हा क्लास घ्या. गुडघा किंवा कंबर दुखत असेल तर रिस्टोरेटिव्ह बघा." त्यानंतर निवड बदलली. तसंच "प्रॉप्स" हा शब्द कुणालाच कळला नाही, तिथे "फोमच्या विटा, पट्टा आणि लोड आम्ही देतो" असं केलं.

काय झालं

फोन बंद झाले नाहीत, पण फोनवरचं बोलणं बदललं. ताई सांगतात की आता लोक "कुठला घेऊ" विचारण्याऐवजी "मंगळवारचा पायाभूत लिहिलाय तोच ना, गुडघा दुखतो तर चालेल ना" असं विचारतात, म्हणजे निवड पानावर होते आणि फोन फक्त खात्रीसाठी. म्हैसूर क्लासला नवीन चेहरे यायला लागले, जे आधी जवळजवळ नव्हतेच.

विन्यासची गर्दी सुरुवातीला कमी दिसली आणि मालकीणबाई थोड्या धास्तावल्या. शिक्षक मात्र खुश, कारण एका बाजूला कुणीतरी चतुरंगमध्ये अडकलाय म्हणून बाकीच्यांना थांबवायची वेळ येईना. आता हे सगळं मजकुराने झालं असं म्हणणं बरोबर नाही, कारण त्याच सुमारास संध्याकाळचा नवा क्लास पण सुरू झाला आणि नवीन लोक तिकडे गेले. दोन्ही एकदम केल्यामुळे कशाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही.

एक गोष्ट बिघडली ती म्हणजे बदली शिक्षक. पायाभूत हठच्या मॅडम सुट्टीवर असताना एका बदली शिक्षकांनी आपल्या पद्धतीने वेगवान क्लास घेतला, आणि पानावर "सावकाश" वाचून आलेली दोन माणसं वैतागली. आधी वर्णन इतकं मोघम होतं की ते चुकूच शकत नव्हतं, आता नेमकं लिहिलं म्हणजे ते पाळायला पण हवं. त्यानंतर बदलीवर येणाऱ्याला वर्णनच पाठवतात, "हा क्लास असा घ्यायचाय" म्हणून, आणि ते जमणार नसेल तर त्या दिवसापुरता पहिल्यांदा येणाऱ्यांचा टॅग काढतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळी वर्णनं एका दमात बदलण्यापेक्षा संध्याकाळच्या तीन गर्दीच्या क्लासांची फक्त पहिली वाक्यं आधी बदलून महिनाभर बघता आलं असतं, नवा क्लास त्यानंतर. तसं केलं असतं तर वर म्हटलेला घोळ टळला असता आणि शिक्षकांनाही एकदम सगळं अंगावर आल्यासारखं वाटलं नसतं. पण वेळापत्रक तिमाहीलाच बदलतं, त्यामुळे थांबणं म्हणजे नवीन लोकांना अजून तीन महिने विन्यासमध्ये पाठवणं, तो निर्णय सोपा नव्हता आणि मालकीणबाईंनी वाट न बघणं मला पटतं.

दुसरं म्हणजे पहिल्या क्लासनंतर एक ओळीचा प्रश्न सुरुवातीपासून जायला हवा होता, "क्लास वर्णनापेक्षा हलका, तसाच की जड वाटला?" एवढाच. समाधानाचे तारे मागण्यात अर्थ नाही, लोक शिक्षक आवडला म्हणून पाच देतात. जड-हलकं विचारलं की वर्णन कुठे खोटं पडतंय ते कळतं. हे आता सुरू केलंय.

रविवारचा खुला क्लास मात्र सुटलेला नाही. तो दर आठवड्याला वेगळा शिक्षक घेतो, त्यामुळे त्याचं नेमकं वर्णन करता येत नाही, आणि शिक्षकांना आठवडा आधी चार वाक्यं द्या म्हटलं तर ती येत नाहीत. सध्या तिथे एवढंच आहे: "शिक्षक आणि वेग दर रविवारी बदलतो. आधी कुठल्याही एका क्लासला दोन-तीनदा येऊन गेला असाल तर या, पहिलाच दिवस असेल तर शनिवारचा पायाभूत हठ घ्या."